ओवीवर बोट ठेवा, मग लिहा

दहावीच्या मराठी कुमारभारतीत २०१८ सालापासून एकनाथी भागवतातला एक छोटा भाग आहे. त्यात पाणी आणि योगी यांची तुलना येते. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या शाळांत, आश्रमशाळांत तो शिकवताना एक गंमत होते. पाण्याविषयी ही मुले इतके जाणतात की उताऱ्याकडे न बघताच पानभर लिहू शकतात. परीक्षेत नेमके तेच नडते.

मंडळाच्या ८० गुणांच्या मराठीच्या पेपरात पद्य विभागाला १६ गुण असतात. त्यांतले ८ गुण छापलेल्या काव्यपंक्तींवरच्या कृतींना मिळतात. त्यांत शेवटची काव्यसौंदर्याची कृती २ गुणांची. या दोन गुणांभोवती गैरसमजांचे मोठे रान माजले आहे.

गैरसमज: जेवढ्या जास्त ओळी उतरवाव्यात, तेवढे गुण जास्त.

उतारा प्रश्नपत्रिकेत छापलेलाच असतो आणि तो परीक्षकाच्या समोर असतो. पूर्ण ओवी पुन्हा लिहून काढली, तर तिच्यातल्या कोणत्या शब्दावर आपले म्हणणे उभे आहे, हे मुलाने अजून सांगितलेलेच नसते. अवतरण म्हणजे पुरावा. ज्या शब्दावर मुद्दा टेकतो तेवढाच शब्द, फार तर ओवीचा एक चरण, अवतरणचिन्हांत घ्यावा आणि पुढच्याच वाक्यात त्याचे काय ते सांगावे.

घेतलेला शब्द मात्र जसा छापला आहे तसाच उतरवायचा. जुन्या मराठीतले अनुस्वार आणि क्रियापदांची जुनी रूपे आजच्या नियमांनी ‘सुधारायची’ नाहीत. हुशार मुले इथेच चुकतात, कारण त्यांना ते अशुद्धलेखन वाटते. अर्थ आजच्या भाषेत सांगायचा असेल तर खुशाल सांगावा, पण अवतरणचिन्हांच्या बाहेर. आत एकनाथांचे शब्द, बाहेर आपले.

गैरसमज: कवितेचा भावार्थ पाठ असला की कोणताही प्रश्न सुटतो.

भावार्थ असतो सबंध कवितेचा आणि प्रश्न असतो छापलेल्या तीन-चार ओव्यांचा. समजा पाण्याच्या ओव्या छापल्या आहेत आणि मुलाने चकोर, चंद्रकिरण, पिलांना पंखांखाली घेणारा पक्षी असे सगळे लिहिले. तो भाग कवितेत आहे हे खरे, पण या उताऱ्यात नाही. हे उत्तर चुकीचे नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. मार्गदर्शकातले तयार उत्तर ओळखायची हीच खूण: त्यातल्या गोष्टींवर उताऱ्यात बोट ठेवता येत नाही.

पाठांतराने आणखी मोठे नुकसान होते ते वेगळेच. ‘योगी पाण्यापेक्षा श्रेष्ठ आहे’ हे एक वाक्य मुले सगळ्या ओव्यांना लावून टाकतात. प्रत्यक्षात या छोट्या भागात दोन निरनिराळ्या तुलना आहेत. आधीच्या ओव्यांत पाणी कमी पडते. ते वरवरचा मळ धुते, एकदाच सुख देते, तहान परत लागते आणि त्याची गोडी फक्त जिभेला कळते. योगी या प्रत्येक बाबतीत पुढे जातो. उपमानापेक्षा उपमेय वरचढ ठरवणाऱ्या या अलंकाराला व्यतिरेक म्हणतात. पुढे मेघ येतो आणि तुलनेची दिशा बदलते. ढगातले पाणी खाली कोसळते म्हणूनच लोक निवतात, त्यांना अन्न मिळते. योग्याचे या जगात खाली येणेही तसेच, असे एकनाथ म्हणतात. इथे पाणी हरलेले नाही. ते योग्याच्या बरोबरीला उभे आहे. प्रश्न मेघाच्या ओवीवर असेल आणि मुलाने ‘पाण्याची मर्यादा दाखवली आहे’ असे लिहिले, तर उत्तर ओवीच्या उलट जाते.

या ओव्यांमागचा प्रसंग माहीत असला तर ही चूक सहसा होत नाही. एकनाथी भागवत ही भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका, १५७३ साली काशीत पूर्ण झालेली. त्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पाणी हे त्यांपैकी एक. ज्याला गुरू मानले त्याची निंदा कोण करील? उत्तरात हा इतिहास सांगत बसायचे नाही. मात्र ‘ज्ञानेश्वर म्हणतात’ असे लिहून कवी बदलू नये, एवढे तरी व्हावे.

गैरसमज: धार्मिक ग्रंथ आहे, म्हणून उत्तरात स्तुती हवी.

‘किती सुंदर विचार आहे!’ हे भाष्य नव्हे. भाष्यात तुलना कशी चालते ते दाखवावे लागते. पाण्याच्या पहिल्या ओवीवरची दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहू. एक असे: ‘पाणी म्हणजे जीवन. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरी आटतात, टँकर येतो. संतांनी पाण्याचे महत्त्व सांगितले आहे. आपण पाणी वाचवले पाहिजे.’ यातले शब्द खरे आहेत, कळकळही खरी आहे, पण ओवी पाणी वाचवण्याबद्दल बोलतच नाही. योगी तर या उत्तरात कुठेच नाही.

दुसरे असे: ‘पाणी मळ धुते ते ‘वरिवरी’, योगी शुद्ध करतो तो ‘सबाह्य’. म्हणजे पाणी अंगावरचा मळ काढते आणि योगी मनातलाही. पाणी निरुपयोगी आहे असे ओवी म्हणत नाही, त्याचे काम कुठे थांबते तेवढे सांगते.’ अवतरण दोनच शब्दांचे आहे. दोन गुणांना एवढे पुरे.

मग मोखाड्याच्या मुलाने आपला उन्हाळा उत्तराबाहेर ठेवायचा का? तसे मुळीच नाही, फक्त त्याची जागा शोधायची. तहान पुन्हा लागते, ही ओवी त्याच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. आधी ओवीतला शब्द घ्यावा, मग लिहावे: ‘सकाळी हंडाभर पाणी आणले तरी दुपारी पुन्हा विहिरीवर जावे लागते, पाण्याचे सुख असे थोडा वेळ टिकते, म्हणून कवीने न संपणाऱ्या तृप्तीसाठी योगी निवडला.’ मेघाच्या ओवीत नागली-वरईची शेतेही अशीच येतील, कारण तिथे अन्नाचा उल्लेख आहे. अनुभव ओवीच्या मागून आला तर तो भाष्य होतो. पुढे धावला की निबंध होतो.

गैरसमज: घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलांना हा प्रश्न जमणार नाही.

सोळाव्या शतकातली मराठी आज कोणाच्याच घरात बोलत नाहीत, पुण्यातही नाही. ती सगळ्यांनाच शिकावी लागते. वर्गात मुलाने ओवीचा अर्थ आधी आपल्या बोलीत सांगितला तर उलट चांगलेच, कारण कळले की नाही ते लगेच दिसते. लिहिताना तो प्रमाण मराठीत आणता येतो.

शिक्षकांना एक विनंती. पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका परत देताना नुसता गुण लिहू नका. ज्या वाक्याला उताऱ्यात आधार सापडत नाही, त्याच्यापुढे समासात ‘कोणत्या ओवीत?’ असे लिहा आणि मुलाला त्या ओवीवर बोट ठेवायला सांगा. ठेवता आले नाही, तर ते वाक्य त्याच्याकडूनच खोडून घ्या.