नुसतंच ‘हॅलो’ आलं तर?

समजा, एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. देवगडहून हापूस मागवून पुण्यात घरपोच देणाऱ्या एका घरगुती व्यवसायाचा फोन रात्री पावणेअकराला वाजतो. अनोळखी नंबर आणि निरोपात एकच शब्द: ‘हॅलो’. पाच मिनिटं थांबलं, दहा मिनिटं थांबलं, तरी पुढे काही येत नाही. या माणसाला पेटीचा भाव हवाय, परवा नेलेल्या आंब्यांत साका निघालाय की नंबरच चुकलाय, हे कसं कळणार?

पहिला मोह असतो तोच शब्द परत पाठवण्याचा. ‘हॅलो’ला ‘हॅलो’. मी काही वर्षं ग्राहकसेवेच्या चॅटवर बसून काढली आहेत, आणि दिवसातला किती वेळ या हॅलो-हॅलोच्या टेनिसमध्ये जातो ते मला माहीत आहे.

आधी तो एकटा शब्द का येतो ते पाहू. टेलिफोनवरचं ‘हॅलो’ मुळात नमस्कार नव्हतंच. फोन उचलल्यावर काय म्हणावं यावर सुरुवातीला बरेच मतभेद होते. ग्रॅहम बेल यांना ‘अहॉय’ पसंत होतं, तर एडिसन यांनी १८७७मध्ये ‘हॅलो’ सुचवलं. त्याचं काम एवढंच, की पलीकडे माणूस आहे का ते तपासायचं. आपल्याकडे दाराबाहेर उभं राहून ‘आहे का कोणी घरात?’ म्हणतात, त्याच जातीचं. आतून ‘ओ’ आल्याशिवाय पाहुणा कामाचं बोलत नाही, आणि ते उद्धटपणाचं नव्हे, सभ्यतेचं लक्षण आहे. लिहून विचारायची वेळ आली तरी सवय तीच राहते. एवढं सगळं टाइप करायचं आणि नंबर बंद निघाला तर, म्हणून माणूस आधी कडी वाजवून बघतो. काहींना टाइप करणंच अवघड जातं. आणि काही ‘हॅलो’ तर ग्राहकाने लिहिलेलेच नसतात: फेसबुकवरच्या जाहिरातीतलं बटण दाबलं की तयार वाक्य आपोआप भरलं जातं आणि तेच पुढे सरकतं.

म्हणजे ‘हॅलो’मध्ये न लिहिलेला प्रश्न आहे: कोणी आहे का, आणि मी योग्य ठिकाणी आलोय का? पहिल्या उत्तराने या दोन्हींचं समाधान करायचं आणि पुढचा निरोप लिहिणं ग्राहकाला सोपं करून द्यायचं. दुसरं काही त्यात कोंबायचं नाही.

मराठी दुकानदाराकडे यासाठी पिढ्यानपिढ्यांचा एक शब्द आहे: ‘बोला’. काउंटरवर तो उत्तम चालतो, कारण त्याच्याबरोबर मान वर होते आणि चेहरा दिसतो. पडद्यावर मात्र नुसतं ‘बोला’ वाचलं की कपाळाला आठी पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. लिहिताना त्या शब्दाला सोबत लागते:

‘नमस्कार, बोला ना. आंबे हवेत की आधीच्या पेटीबद्दल काही विचारायचंय?’

या दोन ओळींत बरंच काम झालं. नमस्कार झाला. ‘आंबे’ आणि ‘पेटी’ या शब्दांनी आपण कोण तेही सांगून झालं. आणि प्रश्न असा, की एका शब्दात उत्तर देता येईल. ‘आपणास काय साहाय्य करू शकतो?’ या वाक्याचा दोष हाच, की ते विनम्र असलं तरी सगळं ओझं पुन्हा ग्राहकावर टाकतं. ज्याला काय लिहावं हे सुचत नव्हतं, त्याला आपण निबंध लिहायला सांगतो.

आता रात्री पावणेअकराचा तो निरोप घेऊ आणि सर्रास काय होतं ते पाहू. व्हॉट्सॲप बिझनेसमधला तयार निरोप लगेच जातो: ‘संपर्काबद्दल धन्यवाद. लवकरच आमचे प्रतिनिधी उत्तर देतील.’ ‘लवकरच’ म्हणजे कधी, ते कोणालाच ठाऊक नसतं. सकाळी नऊला माणूस लिहितो, ‘हॅलो, बोला.’ पावणेदहाला ग्राहक, ‘हाय.’ मग, ‘काय मदत करू?’ सव्वाअकराला, ‘पेटीचा भाव काय?’ मग, ‘कुठली पेटी?’ साडेबारा तास झाले, आठवा निरोप चालला, आणि भाव अजून सांगितलेला नाही. एव्हाना त्याने शेजारच्या सोसायटीत येणाऱ्या टेम्पोवरून आंबे घेतलेले असतात.

त्याऐवजी रात्रीचा तयार निरोप असा ठेवता येतो:

‘नमस्कार! आंब्यांसाठीच ना? आता बंद झालंय, सकाळी ९ वाजता उत्तर देतो. तोवर नुसता आकडा पाठवा:
१ नवी पेटी हवी
२ दिलेल्या ऑर्डरबद्दल
३ आंब्यांबद्दल तक्रार
टाइप करायचा कंटाळा आला तर बोलून पाठवा, ऐकतो.’

ग्राहक ‘१’ पाठवून झोपतो. सकाळी नऊला पुन्हा नमस्कार-चमत्कार न करता थेट लिहायचं: ‘दोन डझनाचा खोका आहे आणि पाच डझनाची पेटी आहे. खायला कधी घ्यायचेत? कच्चे पिकायला काही दिवस लागतात, त्यावरून कुठले पाठवायचे ते ठरवू.’ भाव याच निरोपाच्या शेवटी लिहायचा. चौथ्या निरोपाला व्यवहार सुरू झाला.

यातली शेवटची ओळ, बोलून पाठवण्याची, मला सगळ्यात कामाची वाटते. ज्येष्ठ ग्राहकांचं ‘हॅलो’ बऱ्याचदा तिथेच अडकतं, कारण कीबोर्डवर जोडाक्षर सापडत नाही. परवानगी मिळाली की ते दीड मिनिटाचा निरोप पाठवतात आणि त्यात पत्ता, जिना कुठल्या बाजूला आहे आणि मागच्या वर्षीचे आंबे कसे होते, सगळं येतं.

हे तयार निरोप ॲपमध्ये Business tools या भागात बसवता येतात. Greeting message म्हणजे स्वागताचा, Away message म्हणजे दुकान बंद असतानाचा. इथे एक खाच आहे. स्वागताचा निरोप फक्त नव्या माणसाला जातो असा समज असतो, पण १४ दिवस संभाषण झालं नसेल तर जुन्या ग्राहकालाही तोच जातो. त्यात ‘आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे’ असं लिहिलं असेल, तर तीन वर्षं पेट्या नेणाऱ्या माणसाचं नव्याने स्वागत होतं. तो हसतो किंवा चिडतो. म्हणून त्या मजकुरात ‘पहिल्यांदा’, ‘स्वागत’, ‘ओळख’ असले शब्द नकोत.

जुन्या ग्राहकाचं ‘हॅलो’ ही तर वेगळीच गोष्ट. उत्तर लिहिण्याआधी बोट वर सरकवून मागचं संभाषण वाचायचं. काल पेटी रवाना झाली असेल तर आजचं ‘हॅलो’ बहुधा तिचंच असतं:

‘नमस्कार, कालची पेटी आज संध्याकाळी ६ ते ८ च्या दरम्यान पोचेल. त्याबद्दलच विचारत होतात का?’

अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण शेवटी प्रश्न ठेवलाय. मात्र पत्ता, रक्कम किंवा ‘वाढदिवसाची भेट’ असं काही आपणहून लिहू नये. घरात एक फोन चार जण वापरतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण असते. समोर बाई आहे की पुरुष, हे नंबरवरून कळत नाही, आणि आपलं क्रियापद ते विचारल्याशिवाय पुढे जात नाही. फोटोत लहान मूल किंवा गणपती असतो. अंदाजाने ‘दादा’ लिहावं आणि पलीकडे ताई निघाव्यात, हे माझ्याकडून झालंय. ‘तुम्ही आला होतात का?’ असं विचारलं की फसलो. ‘तुम्ही ऑर्डर दिली होती का?’ म्हटलं की सुटलो, कारण इथे क्रियापद ऑर्डरच्या मागे जातं. ‘तुम्हाला काय हवंय?’ हेही तसंच निर्धोक. ‘ताई’, ‘काका’ ही नाती ग्राहकाने स्वतः उघड केली की मगच जोडावीत. अभिवादन मात्र त्याचंच परत करावं: ‘राम राम’ला ‘राम राम’, ‘जय जिनेंद्र’ला ‘जय जिनेंद्र’. लिपीही शक्यतो त्याचीच.

पहिल्या उत्तरात काय नको, हेही ठरलेलं असावं. बारा फोटो आणि दरपत्रक नको. ज्याला तक्रार करायची आहे त्याच्या तोंडावर ते मारल्यासारखं होतं. नाव, पत्ता, पिनकोड मागणं नको. काम कळल्यावर लागेल तेवढंच विचारावं. आणि ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे आकडे तर कधीच नकोत. बनावट ‘कस्टमर केअर’ नंबरवरून याच गोष्टी मागतात, त्यामुळे सावध ग्राहक अशा प्रश्नाला लगेच पळतो, आणि ते बरोबरच आहे. असा फसवा नंबर लागून पैसे गेलेच, तर सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

उत्तर दिल्यावरही पलीकडून शांतता असेल तर? दुपारपर्यंत थांबून एकच निरोप:

‘काही विचारायचं राहिलं असेल तर केव्हाही लिहा, सकाळी ९ ते रात्री ८ आम्ही आहोतच.’

त्यानंतर गप्प. ‘उत्तर न आल्याने संभाषण बंद करत आहोत’ हे वाक्य मोठ्या कंपन्यांच्या चॅटवर दिसतं आणि वाचणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. त्यांचा नाइलाज असतो, कारण एकेका माणसाकडे एकाच वेळी दोन-तीन संभाषणं असतात आणि रिकामी खिडकी अडवून ठेवता येत नाही. शिवाय व्हॉट्सॲपची मोठ्या कंपन्यांसाठीची सेवा ग्राहकाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तासच मोकळेपणाने लिहू देते. पुढे आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच पाठवावा लागतो. घरगुती ॲपला ही अट नाही, मग तो स्वर कशाला उसना घ्यायचा?

जाहिरातीतून किंवा पाकिटावरच्या क्यूआर कोडमधून येणारे ‘हॅलो’ मात्र मुळातच कमी करता येतात. दुव्यातच ग्राहकाचं पहिलं वाक्य लिहून ठेवायचं. नंबर देशाच्या कोडसह, पण अधिकचं चिन्ह किंवा आधीचं शून्य न घालता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Hapus%20peti%20havi
```

दाबलं की वाक्य तयार असतं आणि ‘हॅलो’ऐवजी थेट काम येऊन पडतं. पेटीच्या आत वेगळा कोड चिकटवून त्यात तक्रारीचं वाक्य ठेवलं, तर कुठला निरोप आधी उघडायचा हेही कळतं.

आपलं पहिलं उत्तर चालतंय का, हे तपासायला वेळ मोजून उपयोग नाही. तयार निरोप दोन सेकंदांत जातो, म्हणून ‘पहिलं उत्तर किती वेळात’ हा आकडा नेहमी छानच दिसतो. आमच्या विभागात त्यावर केक कापला जायचा. त्यापेक्षा रविवारी दुपारी नुसत्या ‘हॅलो’ने सुरू झालेली शेवटची वीस संभाषणं उघडावीत आणि ग्राहकाला काय हवंय ते कितव्या निरोपाला कळलं, ते मोजावं. दुसऱ्या-तिसऱ्याला कळत असेल तर ठीक. सहाव्याला कळत असेल तर प्रश्न बदलावा. आणि बहुतेक जण ‘२’च पाठवत असतील, तर दोष हॅलोच्या उत्तरात नाही, पेटी रवाना झाल्याचं आपण कळवत नाही आहोत.

या वीसांत दोन-तीन संभाषणं अशी सापडतात, की त्यांत काम काहीच नसतं. मागच्या मोसमात एकदा आंबे नेलेले एक गृहस्थ रोज सहा वाजता गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ पाठवतात. त्यांना १, २, ३ विचारायचं नसतं. रोज नको, पण आठवड्यातून एकदा ‘शुभ सकाळ, काका’ एवढंच पाठवायचं.