जागा वाचली, पण चित्र दिसेल का?

एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत आठ कॅमेरे आणि रेकॉर्डरमध्ये ४ टीबीची हार्ड डिस्क आहे, असे धरू. २००३ साली आलेल्या H.264 पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट दिले, तर दिवसाला एकूण सुमारे ३४५ जीबी भरतात. साडेअकरा दिवसांत जुने चित्रण पुसले जाऊ लागते. २०१३ च्या H.265 मध्ये साधारण तेवढाच स्पष्टपणा २ मेगाबिटमध्ये मिळू शकतो, म्हणजे तीच डिस्क तेवीस दिवस पुरते.

मात्र नुसती पद्धत बदलून भागत नाही. बिटरेट ‘स्थिर’ असेल आणि आकडा ४ वरच राहिला, तर चित्र थोडे सुधारेल. जागा मुळीच वाचणार नाही. तो आकडा हाताने उतरवावा लागतो, आणि मग रात्रीचे चित्रण तपासावे, कारण अंधारातल्या कणकणीत नंबरप्लेट आधी पुसट होते.

खरी अडचण चोरीनंतर येते. पेनड्राइव्हवर दिलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडतच नाही, पडदा काळा राहतो किंवा चित्र अडखळते. विंडोजच्या अनेक संगणकांवर H.265 साठी वेगळा कोडेक घालावा लागतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सहसा चालते, पण जुना प्रोसेसर दमतो. फाइल H.264 मध्ये बदलून देता येते, तरी पुराव्यासाठी मूळ प्रत जपायलाच हवी.

म्हणून मुख्य चित्रण H.265 मध्ये ठेवावे, मोबाइलवर पाहायचा दुय्यम प्रवाह H.264 मध्ये. आणि एक फाइल आजच दुसऱ्या संगणकावर चालवून पाहा.