दंड माफ करण्याचे पत्र

बचत खात्यात किमान शिल्लक न राहिल्याबद्दल कापलेला दंड परत मागणाऱ्या पत्रात बहुतेक जण घरच्या अडचणी लिहितात. शाखाधिकाऱ्याला मात्र तारखा हव्या असतात. रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. त्यानुसार शिल्लक कमी झाल्यावर बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवावे लागते आणि कळवल्यापासून एक महिन्यात शिल्लक भरून न निघाल्यासच दंड लावता येतो. तो दंडही तुटीच्या प्रमाणात असावा लागतो आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये.

पत्र लिहिण्यापूर्वी पासबुक उघडून हिशेब करावा. अनेक बँका किमान शिल्लक महिन्याच्या सरासरीवर मोजतात. म्हणजे रोजच्या अखेरच्या शिलकेची बेरीज भागिले दिवस. समजा, एप्रिलमध्ये खात्यात १० दिवस ८,००० रुपये आणि २० दिवस २,००० रुपये होते. सरासरी ४,००० येते. अट ५,००० ची असेल तर तूट १,००० रुपयांची, आणि ती खरीच आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण बँकेची सूचना २ मे रोजी आली आणि दंड ५ मे रोजीच कापला गेला, तर मुद्दा तिथे आहे.

पत्राच्या वर तारीख, शाखेचे नाव आणि खाते क्रमांक असावा. विषयात ‘किमान शिल्लक दंड परत मिळणेबाबत’ एवढेच पुरे. मजकूर असा होईल:

‘माझ्या वरील बचत खात्यात एप्रिल महिन्यात सरासरी शिल्लक १,००० रुपयांनी कमी होती. त्याबाबत आपला एसएमएस २ मे रोजी मिळाला. ५ मे रोजी ३०० रुपये दंड व ५४ रुपये जीएसटी, एकूण ३५४ रुपये कापण्यात आले. ६ मे रोजी मी १०,००० रुपये भरले आहेत. सूचनेनंतरची एक महिन्याची मुदत मिळण्याआधीच दंड लागल्याने तो करासह खात्यात परत जमा करावा, ही विनंती. पासबुकाच्या पानाची व एसएमएसची प्रत सोबत जोडली आहे.’

कराची रक्कम वेगळी लिहिणे महत्त्वाचे. नाहीतर ३०० परत येतात आणि ५४ राहून जातात. सूचना वेळेवर येऊनही पैसे भरले नसतील, तर नियमाचा आधार उरत नाही. तेव्हा चूक मान्य करून ‘एक वेळची बाब म्हणून’ माफी मागावी. ती देणे बँकेच्या मर्जीवर असते.

पत्राची दुसरी प्रत शिक्का व तारखेसह पोच म्हणून घ्यावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ते ३० दिवस या पोचेवरच्या तारखेपासून मोजता येतात.