जिम फ्रीझ केली, तरी पैसे का कापले जातात?

नोकरीसाठी, शिक्षणासाठी आपण शहर बदलतो. घरमालकाला कळवतो, गॅसचं कनेक्शन हलवतो आणि जिमवाल्याला सांगतो, 'सध्या फ्रीझ करा, नंतर बघू.' मग तीन-चार महिन्यांनी पासबुक बघताना लक्षात येतं की हप्ता जातोच आहे. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

फ्रीझ म्हणजे रद्द नव्हे. फ्रीझमध्ये करार जिवंत राहतो, फक्त ठरलेल्या मुदतीपुरता थांबतो. मुदत संपली की बहुतेक ठिकाणी तो आपोआप सुरू होतो, तुम्हाला कोणी विचारत नाही. आणि करारात किमान मुदत असेल, तर फ्रीझचे महिने सहसा तिच्यात धरत नाहीत. म्हणजे बाहेर पडायची तारीख पुढे ढकलली जाते.

माझ्या भाचीचं उदाहरण घ्या. ती बडोद्याची. तिने ५ जानेवारीला जिम लावली. महिना १,५०० रुपये, दर ५ तारखेला यूपीआय ऑटोपेने. किमान मुदत सहा महिने, सोडायचं तर ३० दिवसांची लेखी सूचना. मेअखेर तिला हैदराबादला नोकरी लागली. काउंटरवर तिला फ्रीझ सुचवलं गेलं, महिना २०० रुपये. तिने ५ जूनपासून दोन महिने फ्रीझ घेतलं. ऑगस्टपासून १,५०० पुन्हा सुरू झाले आणि तिच्या लक्षात आलं ऑक्टोबरमध्ये. फ्रीझचे ४०० आणि तीन हप्त्यांचे ४,५००, एकूण ४,९०० रुपये गेले. तिने २५ मेलाच रद्द करण्याची सूचना दिली असती, तर किमान मुदत ४ जुलैला संपली असती. जूनचा एक हप्ता, १,५०० रुपये, आणि हिशेब पूर्ण.

मग मला फोन आला. 'मामा, ऑटोपेच बंद करून टाकू का?' मी म्हटलं, थांब, आधी मेल कर. कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जिमबरोबरचा करार, दुसरी बँकेला दिलेली पैसे कापण्याची परवानगी, म्हणजे मँडेट. मँडेट बंद केलं की पैसे जायचे थांबतात, पण करार संपत नाही. जिम थकबाकी मागू शकते. उलट, करार संपला आणि मँडेट तसंच राहिलं, तर पैसे कापण्याची वाट उघडीच राहते.

तिने ८ ऑक्टोबरला मेल केला: 'माझं सभासदत्व कायमचं रद्द करावं, फ्रीझ नको. किमान मुदत पूर्ण झाली आहे. शेवटची तारीख आणि देणं लेखी कळवावं.' सोबत सभासद क्रमांक. ३० दिवस धरले तर सूचना ७ नोव्हेंबरला संपत होती. म्हणजे तीन दिवसांसाठी आख्खा नोव्हेंबरचा हप्ता! तिने लिहिलं की तीन दिवसांचे दीडशे रुपये घ्या. जिमने ४ नोव्हेंबर हीच शेवटची तारीख मान्य केली. ते उत्तर हातात आल्यावर तिने मँडेट बंद केलं. ऑगस्ट ते ऑक्टोबरचे पैसे मात्र परत आले नाहीत, कारण करार चालू होता.

यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग असतो. तिथे Pause आणि Revoke (काही ॲपमध्ये Cancel) असे पर्याय दिसतात. Pause म्हणजे पुन्हा फ्रीझच. आपल्याला Revoke हवं. ते झाल्यावर स्क्रीनशॉट ठेवा. नुसतं जिमचं ॲप काढून टाकल्याने काहीच थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड आणि यूपीआयच्या अशा वसुलीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. भाचीलाही ती येत होती, जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवत होती.

एक अपवाद लक्षात ठेवा. वर्षाची फी कार्डावर ईएमआयने भरली असेल, तर जिमला आपले पैसे आधीच मिळालेले असतात. हप्ता बँकेच्या कर्जाचा असतो, तो थांबवू नका. तिथे उरलेल्या महिन्यांचा परतावा जिमकडे मागायचा.

जिम उत्तरच देत नसेल, किंवा 'प्रत्यक्ष येऊनच रद्द करा' म्हणत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं हा २०२३च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणून नोंदवलेला प्रकार आहे. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही आज राहता त्या शहरातही तक्रार करता येते. भाचीला गरज पडली असती, तर तिला बडोद्याला जावं लागलं नसतं.

फ्रीझ कधी घ्यायचं? परत यायची तारीख पक्की असेल तेव्हाच. भेटू पुढच्या भागात.