फाटलेल्या तसबिरीतील अर्धा चेहरा

कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील जुन्या वाड्यांत पूर्वजांच्या तसबिरी बहुधा भिंतीला अगदी टेकूनच टांगलेल्या असतात. पावसाळ्यात भिंतीची ओल चौकटीत शिरली, की छायाचित्रावरील सरसाचा पातळ थर मऊ होऊन काचेला चिकटतो, आणि पुढे कोणी ती तसबीर साफसफाईसाठी उकलली, तर नेमका चेहऱ्याचाच भाग कागद सोडून काचेवर राहतो. ही काच टाकून दिली नसेल, तर काचेसकट प्रतिमा घेऊन पुष्कळ भाग परत मिळतो. ती टाकून दिली असेल, तर मात्र खरे कसब पणाला लागते.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. पणजीचे समोरून घेतलेले चित्र आहे. तिचा डावा डोळा, नाकाची डावी पाकळी आणि डावा गाल नाहीसा झाला आहे. कपाळ, कुंकू, नाकाचा दांडा, ओठ व हनुवटी शाबूत आहे. पुनर्रचना करणारा प्रथम १२०० डीपीआयवर स्कॅन काढतो, अस्सल प्रत बाजूला ठेवतो आणि नकलेवर मध्यरेषा आखतो. कुंकू, नाकाचा दांडा, वरच्या ओठाची खळी आणि हनुवटीचा मध्य या चार खुणा एका रेषेत आल्या, तर चेहरा समोर आहे असे समजावे. हनुवटी एकीकडे कलली असेल, तर चित्र आधी तेवढे फिरवून घ्यावे. कुंकू हाताने लावलेले असल्यामुळे त्या एका खुणेवर भिस्त ठेवू नये. मुख थोडे वळलेले असेल, तर पलीकडची बाजू मुळातच अरुंद दिसते, म्हणून तेथे उजव्या अर्ध्याची हुबेहूब प्रतिकृती चालत नाही. ती तितकी आकुंचित करावी लागते.

यानंतर उजवा अर्धा भाग आडवा उलटून मध्यरेषेपलीकडे ठेवला, की क्षणभर काम झाल्याचा भास होतो, आणि सर्वांत मोठी फसगत येथेच होते. खिडकीचा उजेड एका बाजूने पडत असे, त्यामुळे एक गाल उजळ व दुसरा छायेत असे. उलटलेल्या भागाबरोबर उजेडही उलटून येतो, आणि चेहऱ्यावर दोन खिडक्या उघडल्यासारखे दिसते. बुबुळातील प्रकाशाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असला पाहिजे. प्रतिबिंबात तो विरुद्ध बाजूला जातो, आणि नजर किंचित तिरकी असेल तर पणजी चकणी होऊन बसते. नथ डाव्या नाकपुडीत असते; डावा भाग गेल्यामुळे नथही गेली, आणि उलटलेली उजवी बाजू तिला नथीविना सादर करते. म्हणून छाया पुन्हा घालणे, ठिपका हलवणे आणि नथ दुसऱ्या चित्रातून आणणे ही तिन्ही कामे स्वतंत्रपणे करावी लागतात.

तरीही एवढ्याने चेहरा तिचा होत नाही, कारण माणसाची ओळख दोन बाजूंच्या सारखेपणापेक्षा त्यांच्या भिन्नतेत अधिक असते. उजवा भाग दोनदा जोडून आणि डावा भाग दोनदा जोडून केलेले दोन चेहरे बहुधा दोन वेगळ्या व्यक्तींचे वाटतात. म्हणून प्रतिबिंब हा केवळ सांगाडा मानावा आणि त्याची दुरुस्ती तिच्याच दुसऱ्या चित्रावरून करावी. लग्नातील समूहचित्र बहुधा हाती लागते. दोन बुबुळांमधील अंतर हे माप धरले, तर मोठ्या चित्रात मध्यरेषेवरून दुप्पट करून काढलेले ते अंतर ४२० बिंदू आणि समूहचित्रात ८४ बिंदू भरते. म्हणजे समूहचित्र पाचपट वाढवावे लागेल. एवढ्या वाढीत पापणीचा तपशील मिळत नाही. भुवईची उंची, डोळ्याची लहानमोठी फट आणि जबड्याचा कोन मात्र मिळतो, आणि आपल्याला तोच हवा असतो. बहीण किंवा मुलगी यांच्या चित्रांवरून गालाच्या हाडाचा अंदाज घेण्यास हरकत नाही. डोळा मात्र तेथून कधीही उसना घेऊ नये, कारण त्यात दुसऱ्या बाईची नजर येते.

शेवटी नव्या भागावर जुन्या छायाचित्राचा रवा चढवावा, नाहीतर तो गुळगुळीत राहून ठिगळ उघड होते. चूक ओळखण्यासाठी पूर्ण चित्र आडवे उलटून पाहावे. सरावलेल्या डोळ्याला न दिसलेला वाकडेपणा तेथे लगेच दिसतो. घरातील वडीलधाऱ्यांची साक्ष घ्यावी, परंतु चित्र दाखवण्यापूर्वी. कोणता डोळा लहान होता, हसताना कोणत्या गालाला खळी पडे, हे आधी विचारून लिहून घ्यावे; एकदा तयार चेहरा समोर आला, की स्मृती त्याच्यामागे जाते आणि होकार मिळतोच. जेथे ना साक्ष आहे ना चित्र, तेथे तपशील रंगवण्यापेक्षा भाग अस्पष्ट ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

काम देणाऱ्यांना एक विनंती आहे. फाटलेल्या अस्सल चित्राला चिकटपट्टी लावू नका, बारीक कपचेही पाकिटात जपून ठेवा, पुनर्रचना करणाऱ्याकडून न दुरुस्त केलेला स्कॅन मागून घ्या, आणि नव्या प्रतीच्या पाठीमागे पेन्सिलीने कोणता भाग कोणत्या चित्रावरून बांधला याची तारखेसह नोंद करून ठेवा.