पहिली वेबसाइट : बिल्डर की वर्डप्रेस?

गुहागरला चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या कुटुंबाला वेबसाइट हवी आहे, असं समजू. फोटो, दर, जेवणाचा बेत, नकाशा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, एवढा पाच पानांत आटोपणारा ऐवज. विक्ससारख्या बिल्डरवर तयार नमुना निवडून फोटो ओढून बसवले, मजकूर टाइप केला, की शनिवार-रविवारात साइट उभी राहते. सर्व्हर आणि अपडेट कंपनी सांभाळते, आपण भाडं भरायचं. फुकटच्या योजनेत मात्र आपल्या पत्त्यात कंपनीचं नाव आणि पानावर तिची जाहिरात येते. धंद्यासाठी ती नकोच.

वर्डप्रेस २००३ पासून फुकट मिळतं, पण ते ठेवायला होस्टिंग विकत घ्यावं लागतं. तिथे पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नये, नूतनीकरणाचा दर आधी वाचावा. खरं काम त्यानंतरचं. वर्डप्रेस, थीम आणि प्रत्येक प्लगइन वेळच्या वेळी अपडेट करत राहावं लागतं. जुनं राहिलेलं प्लगइन हे घुसखोरांचं आवडतं दार. गंमत अशी, की साइट हॅक झाली तरी मालकाला ती जशीच्या तशी दिसू शकते. गूगलवर `site:` लिहून पुढे आपला पत्ता टाकावा. आपण न लिहिलेली औषधांची, बुटांची परभाषेतली पानं दिसली, तर घरात कुणीतरी शिरलंय. अशा वेळी कामी येतो तो जुना स्वच्छ बॅकअप, तोही दुसरीकडे ठेवलेला. ऐन मे महिन्यात, खोल्या भरलेल्या असताना, हे कोण बघणार?

बिल्डरची खरी अडचण सोडून जाताना कळते. विक्सवर मांडलेली साइट उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही, ती नव्याने बांधावी लागते. वर्डप्रेसच्या फाइली आणि डेटाबेस मात्र दुसऱ्या होस्टिंगवर जसेच्या तसे हलवता येतात. पण पाच पानं पुन्हा बांधायला लागतात किती दिवस? म्हणून या कुटुंबाने बिल्डरच घ्यावा, असं माझं मत. दोनशे लेखांची साइट उभी करायची असती आणि अपडेट बघणारं माणूस हाताशी असतं, तर मी उलट सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, वेगळ्या रजिस्ट्रारकडून आणि स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घ्यावं. साइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाने ते त्याच्या खात्यात घेतलं आणि पुढे त्याने फोन उचलला नाही, तर पत्ता अडकलाच. डोमेन आपल्या हाती असेल, तर उद्या तेच नाव वर्डप्रेसकडे वळवता येतं. तेव्हा जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे ‘३०१ रीडायरेक्ट’ने जोडून द्यावेत, नाहीतर गूगलवरून खोल्यांचे दर शोधत आलेला पाहुणा कोऱ्या पानावर पोचेल.