‘सर्व्हिस एक नंबर’च्या पलीकडे

तालुक्याच्या गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, असं समजा. जाहिरातीसाठी मालकाला गिऱ्हाइकाचा मिनिटभराचा व्हिडिओ हवाय. तो एका शेतकऱ्याला पाटीखाली उभं करतो आणि म्हणतो, ‘आमच्याबद्दल दोन शब्द बोला.’ शेतकरी ताठ होतो आणि म्हणतो, ‘यांची सर्व्हिस एक नंबर आहे, सगळ्यांनी इथंच यावं.’ हे वाक्य सलूनलाही चालेल आणि ट्युशन क्लासलाही, म्हणूनच ते कोणाला पटत नाही.

चूक शेतकऱ्याची नाही, प्रश्नाची आहे. मत विचारलं की माणूस भाषण करतो. काय घडलं ते विचारलं की तो आठवू लागतो. म्हणून ‘मोटर जळाली तेव्हा रानात काय उभं होतं?’ इथून सुरुवात करावी. ‘ऊस होता, पाण्याची पाळी चुकली असती. रात्री मोटर घेऊन आलो, दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी सुरू झालं.’ आता ऐकणाऱ्याला दुकानाचा उपयोग कळला. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: ‘इथे येण्याआधी मनात शंका कसली होती?’ ‘तांब्याची तार म्हणून ॲल्युमिनियमची भरतील, असं वाटलं होतं. जुनी तार वजन करून परत दिली आणि नवी गुंडाळताना समोर बसवलं.’ अशी शंका मालक कधीच लिहून देणार नाही, पण नव्या गिऱ्हाइकाच्या मनात नेमकी तीच असते.

प्रश्न आधी पाठवू नयेत, विषय तेवढा सांगावा; नाहीतर माणूस उत्तर पाठ करून येतो आणि नजर वर जाऊन शब्द शोधू लागते. मालकाने समोर थांबू नये, भिडेपोटी माणूस गोड बोलतो. शक्यतो शेतात, विहिरीजवळच चित्रीकरण करावं, पण त्या वेळी मोटर बंद ठेवावी. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला लावावा, विचारणाऱ्याने लेन्सच्या शेजारी बसावं आणि गिऱ्हाइकाने त्याच्याकडे पाहून बोलावं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. वाऱ्याचा आवाज त्यात शिरतो, म्हणून स्पंजची टोपी हवीच.

उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. दोन-तीन सेकंद गप्प राहिलं की माणूस आपणहून काहीतरी जोडतो, आणि बऱ्याचदा तेच वापरण्याजोगं निघतं. अडखळला तर ‘पुन्हा तेच बोला’ म्हणू नका, दुसरा टेक पहिल्याची नक्कल होतो. त्याऐवजी विचारा, ‘घरी सांगितलंत तेव्हा काय म्हणाले?’

एडिटिंगमध्ये विचारणाऱ्याचा आवाज काढायचा असेल, तर ‘प्रश्नातला विषय उत्तरात येऊ द्या’ एवढं आधी सांगावं. कापलेली जागा हातांच्या किंवा मोटरच्या दृश्याने झाकता येते. मात्र ‘पण’ म्हणून आलेली तक्रार कापून फक्त कौतुक ठेवणं ही फसवणूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही जाहिरातीतली शिफारस बोलणाऱ्याचं प्रामाणिक मत असावी लागते. गिऱ्हाइकाला सूट किंवा पैसे दिले असतील, तर तेही व्हिडिओतच सांगावं. तयार व्हिडिओ प्रसिद्ध करण्याआधी त्याला दाखवावा आणि लेखी होकार घ्यावा.